लाखेचं सील

आमच्या घराची मूळ रजिस्ट्री, म्हणजे खरेदीखत, माझ्या धाकट्या भावानं, भार्गवनं, नेली होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका नव्हती म्हणूनच मी त्याला कधी विचारलं नाही. विचारलं की समोरचा काहीतरी सांगतो, आणि मग ते ऐकून घ्यावं लागतं. माझी चौतीस वर्षं रेल्वेत दाव्यांच्या टेबलावर गेली. कुणाची पेटी फुटली, कुणाचं गाठोडं कमी भरलं, कुणाचा तुपाचा डबा रिकामा निघाला, असले अर्ज वाचायचे आणि बहुतेक नामंजूर करायचे, हे माझं काम. लोक खोटं कसं बोलतात हे मला चांगलं ठाऊक आहे, असा माझा समज होता.

घर तात्यापाऱ्यात, हिंदी मुलखातल्या जुन्या मराठी मोहल्ल्यात, पहिल्या मजल्यावर. बायको चित्रा, तिच्या गुडघ्यांना आता ती सत्तावीस पायऱ्या झेपत नाहीत. मागच्या दिवाळीपासून ती खाली उतरलीच नव्हती. गॅलरीत बसून भाजीवाल्याशी वरूनच घासाघीस करायची आणि दोरीनं टोपली सोडायची. म्हणून घर विकायचं आणि लिफ्ट असलेल्या इमारतीत जायचं ठरलं. गिऱ्हाईक घरातलंच मिळालं. खालचा भाडेकरू लोकेश, औषधाच्या दुकानवाला, सज्जन माणूस. त्याला बँकेचं कर्ज मंजूर झालं, आणि मंजुरीची मुदत तीन महिन्यांची. बँकेच्या वकिलानं पहिल्याच दिवशी मूळ रजिस्ट्री मागितली.

मी गोदरेजचं कपाट उघडलं. नळाची पावती होती, घरपट्टीच्या तीस वर्षांच्या पावत्या होत्या, आमच्या गेलेल्या कुत्र्याचं लसीचं कार्डसुद्धा होतं. रजिस्ट्री नव्हती. ती तिथे नाही, हे मला नऊ वर्षांपासून ठाऊक होतं. फक्त तिच्या पहिल्या पानाची एक जुनी फिकट झेरॉक्स होती.

तरी मी चार दिवस शोधलं. गाद्या उलट्या केल्या, पुस्तकं झटकली, पिठाच्या डब्यामागे हात घातला. एका जागी दहा मिनिटं बसवेना. जेवता जेवता उठायचो आणि पाहिलेलाच खण पुन्हा पाहायचो. चित्रा नुसती बघत होती. चौथ्या दिवशी तिनं विचारलं की भार्गवभाऊजींना विचारलं का. मी म्हटलं, चोराला विचारून चोरी सापडत नसते. ती गप्प झाली. पण तिचं गप्प बसणं माझ्या अंगावर येतं.

आता ते जुनं प्रकरण सांगायला हवं. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. मुखवटे पितळेचे, आणि धड म्हणजे पत्र्याच्या दोन उंच कोठ्या. कोठीत गहू भरायचे, वरून लुगडं नेसवायचं आणि मुखवटा बसवायचा. ज्या वर्षी हे घर घेतलं त्या वर्षी आईनं, शांताबाईनं, नवी रजिस्ट्री ज्येष्ठेच्या पोटात गव्हावर ठेवायला लावली. घर तिच्या पोटात राहू दे, म्हणाली. तेव्हापासून तो आमच्याकडचा रिवाजच झाला. पूजेच्या दिवशी मी कागद कोठीत ठेवायचा, बोळवण झाली की काढून कपाटात.

नऊ वर्षांपूर्वी बोळवणीच्या दिवशी आई म्हणाली की तिला आता जिने चढवत नाहीत, ती भार्गवकडे पुरानी बस्तीत राहायला जाते. त्याचं घर तळमजल्याचं. साधी गोष्ट होती. पण मला ती तोंडात मारल्यासारखी लागली. थोरला मी, सगळं केलं मी, आणि आई जाणार धाकट्याकडे. मी नको नको ते बोललो. आई जाते तर तिच्या महालक्ष्म्याही जाऊ देत, असं मीच म्हटलं. आणि ऑफिसात पार्सल बांधतात तशा दोन्ही कोठ्या मी स्वतः बांधल्या. गहू आत तसेच. वर गोणपाट, सुतळी, आणि गाठीवर लाख वितळवून रुपयाच्या नाण्याचा ठसा. भार्गव म्हणाला, दादा, हे काय करून राहिला? मी म्हटलं, उद्या तू म्हणशील यातलं काही कमी होतं. सील असलं की तक्रार राहत नाही. त्यानंतर आई दोन वर्षांनी गेली. घाटावर आम्ही शेजारी उभे होतो आणि एक शब्द बोललो नाही.

कोठी बांधण्याआधी रजिस्ट्री मी काढून देवाजवळच्या पाटावर ठेवली होती, हे मला स्वच्छ आठवत होतं. त्या गडबडीत पाटावरून ती एकच माणूस उचलू शकत होता. काहून उचलली असेल, हेही मी ठरवून टाकलं होतं. आईच्या मागे हिस्सा मागायला.

वकील गाठली ती गंधाली. बूढ़ापाऱ्यात तलावाकडच्या गल्लीत तिचं ऑफिस. तिचे आजोबा माझ्या वडिलांचे मित्र. पोरीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत. तिनं मला आधी पाणी दिलं आणि मग समजावून सांगितलं. कागद गेला म्हणून घर जात नाही. रजिस्ट्री झाली त्या दिवशीच तिची नक्कल पंजीयन, म्हणजे नोंदणी, कार्यालयाच्या पुस्तकात उतरलेली असते. तिथे अर्ज केला की शिक्क्यासह प्रमाणित प्रत मिळते, आणि कोर्टातही ती चालते. पण बँकेला वेगळीच भीती असते. मूळ कागद खरंच हरवला की कुणाकडे तारण म्हणून पडला आहे? नुसता मूळ कागद ठेवून घेऊनही गहाण होतं. म्हणून पोलिसात सूचना द्यायची, दोन वर्तमानपत्रांत आम सूचना छापायची, शपथपत्र करायचं, आणि पंधरा दिवस वाट पाहायची. कुणाचा आक्षेप आला नाही तर बँक बहुधा ऐकते. बहुधा, असं ती दोनदा म्हणाली.

मग तिनं पेन खाली ठेवलं.

"काका, एक बात साफ बताइए. गुम हुआ है या किसी पर शक है? शक है तो वो चोरी की रिपोर्ट होगी. एफआईआर. उसमें नाम लिखना पड़ेगा. गुम में सिर्फ इतना लिखिए कि आखिरी बार कहाँ देखा था. नहीं पता तो लिखिए कि नहीं पता."

भार्गवचं नाव जिभेवर आलं होतं. नाव दिलं की पोलीस त्याच्या दारात उभे राहतील. पुरानी बस्तीतली ती अरुंद गल्ली, समोरच देऊळ, ओट्यावर बसलेली माणसं. बॅटऱ्यांचं छोटं दुकान चालवणारा, सत्तावन्न वर्षांचा माझा भाऊ. नाव द्यायचं की नाही, हे सगळं माझ्या हातात होतं. मी म्हटलं, कुणावर शक नाही, हरवला. गंधालीनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मी भार्गवला वाचवलं, असं तिथून निघताना मला वाटत होतं. मनातून जरा मोठंही वाटत होतं. खरं तर मी त्याला विचारण्याची वेळ टाळली होती, एवढंच.

कचेरीच्या आवारात टायपिस्ट बसतात. गंधाली अर्ज तयार करून देणार होती, पण मला धीर कुठला? त्याच दिवशी मी एका टायपिस्टकडे गेलो. कागद हरवल्याचा अर्ज म्हटल्यावर त्यानं तयार मजकूर काढला. त्यात सगळं होतं: 'दिनांक अमुक को मूल दस्तावेज की फोटोकॉपी कराने जाते समय रास्ते में कहीं गिर गया.' फक्त तारीख आणि रस्ता भरायचा. मी म्हटलं, असं झालेलं नाही. तो म्हणाला, भैया, जो हुआ है वो बोल दो, वही लिख देता हूँ. आणि बोटं यंत्रावर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसला.

जे झालं ते सांगायचं म्हणजे काय? शेवटचा कुठे पाहिला? महालक्ष्मीजवळ. मग? मग भाऊ. एक धागा ओढला की सगळं उसवणार होतं. माझ्या मागे रांगेत दोघं उभे होते. मी म्हटलं, राहू द्या, तेच लिहा. तात्यापारा ते जयस्तंभ चौक. तारीख, दहा जानेवारी.

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अर्जांतले असले रस्ते आणि असल्या तारखा लाल पेन्सिलीनं अधोरेखित केल्या होत्या.

ठाण्यातल्या हवालदारानं अर्ज नीट वाचला. काय काय हरवलं, घर कुणाच्या नावावर, कागद कुणाकडे गहाण तर नव्हता, सगळं विचारलं. रोजनामच्यात नोंद केली, आणि माझ्या प्रतीवर नंबर घालून शिक्का मारून दिला. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. जे मी दिलं ते त्यानं लिहून घेतलं. नोटरीसमोर शपथपत्रही झालं: कागद कुणाही व्यक्तीकडे, बँकेकडे गहाण वा ठेव म्हणून नाही, आणि वर सांगितलेल्या प्रकारे तो हरवला आहे. त्या 'वर सांगितलेल्या प्रकारे'पाशी पेन अडलं. मी ते पुढे ढकललं.

गंधालीला झालेला अर्ज दाखवला तेव्हा तिनं विचारलं की काका, खरंच फोटोकॉपीला निघाला होता? मी हो म्हटलं. मग आम सूचनेतही तेच गेलं.

सूचनेत रजिस्ट्रीचा नंबर हवा होता, आणि माझ्या झेरॉक्सवर नंबर नव्हता, तारीख पुसट. मग पंजीयन कार्यालयात शोध. वर्ष ठाऊक होतं म्हणून बरं. त्या वर्षाच्या नावांच्या सूचीत, जाड रजिस्टरात, तिथल्या बाबूंनी माझं आडनाव, खिरवडकर, शोधलं. आधी 'क'मध्ये गेले, मग 'ख'मध्ये. बोट एकेक नावावरून खाली सरकत होतं आणि मी उभ्या उभ्या घामाघूम. सापडलो. पुस्तक क्रमांक एक, जिल्द, पान, दस्त नंबर. अर्ज आणि शुल्क दिलं, आणि आठवड्यानं या म्हणाले.

सूचना छापून आली त्या दिवशी मी सकाळीच दोन्ही पेपर आणले. हिंदीतल्या सूचनेत माझं नाव काळ्या चौकटीत, वर आमच्या घराचा वॉर्ड, चारही बाजू, आणि खाली ते वाक्य, कागद रस्त्यात पडला. कुणास आक्षेप असल्यास पंधरा दिवसांत अधिवक्त्याकडे कळवावे. चित्रानं ते वाचलं, चष्मा काढला आणि पुसला.

"तुम्ही रजिस्ट्री घेऊन जयस्तंभला कधी गेले होते? दहा तारखेला तर तुम्ही दिवसभर घरीच होते. नळवाला आला होता."

मी म्हटलं, असं लिहावं लागते. ती म्हणाली, "कोणाले लागते?" मी पेपर घडी करून ठेवला आणि पुन्हा उघडून वाचला.

ते पंधरा दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. फोन वाजला की धावत जाऊन उचलायचो, आणि नाही वाजला की वाटायचं, बिघडला तर नाही? लोकेश जिन्यात भेटला की नुसता हसायचा आणि मुदतीचं काही बोलायचा नाही, त्यानं जास्तच त्रास व्हायचा. मी तलावाला चकरा मारायचो. गुडघे चित्राचे दुखत होते आणि चालून चालून पायाचे तुकडे माझे पडत होते.

नवव्या दिवशी प्रमाणित प्रत मिळाली. प्रत्येक पानावर शिक्का, शेवटी सही. मी तिथेच बाकावर बसून वाचायला घेतली. विकणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं माझं, चतुःसीमा, सगळं उतरवलेलं. शेवटी साक्षीदार. पहिला कुणी शेजारी. दुसरा, 'भार्गव, उम्र २६ वर्ष'. विकणाऱ्याला ओळखतो असं सांगायलाही तोच उभा राहिला होता, कारण घर त्यानंच शोधलं होतं. मला आठवलं, त्या दिवशी त्याच्याजवळ पेन नव्हतं. माझंच पेन घेतलं, सही केली आणि खिशाला लावून चालू लागला. मी ते ओरडून परत घेतलं होतं. मला तेव्हाही तो चोरच वाटला होता, आणि आम्ही दोघं हसलो होतो.

मी प्रत पिशवीत टाकली. चोर तो चोरच, असं स्वतःला बजावत घरी आलो. पण बजावावं लागलं.

अकराव्या दिवशी गंधालीचा फोन आला. काका, आपत्ति आई है, आप आ जाइए. म्हणजे आक्षेप आला होता. मी चप्पल उलटी घालून निघालो होतो, ते रिक्षात बसल्यावर कळलं.

टेबलावर एक पत्र होतं, मराठीत, हातानं लिहिलेलं. अक्षर ओळखीचं होतं. गंधालीनं ते माझ्याकडे सरकवलं.

'आपल्या आम सूचनेत आक्षेप असल्यास कळवावे असे लिहिले आहे. मला एरवी कोणी काही विचारलेले नाही, म्हणून इथे कळवतो. माझा आक्षेप आहे. कागद रस्त्यात पडलेला नाही. अर्जदार मूळ कागद घेऊन रस्त्याने हिंडणारा माणूस नाही. तो कागद माझ्या घरी असावा. मी पाहिलेला नाही. पाहायला अर्जदाराने स्वतः यावे. घर त्यांचेच आहे, त्यावर माझा कसलाही दावा नाही. भार्गव खिरवडकर, साक्षीदार क्रमांक दोन.'

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, बघा, आहे त्याच्याकडे! नऊ वर्षं दाबून ठेवला! लिहा आता चोरी, घाला नाव.

गंधालीचा आवाज चढला नाही, पण थंड झाला.

"काका, पहले ये बताइए, रास्ते में गिरा ये झूठ था? आपने शपथ पर लिखा है. मैंने वही छपवाया है, मेरे नाम से."

मी खाली पाहिलं. ती म्हणाली की खोटं शपथपत्र हा गुन्हा आहे, आणि आता बँकेला हे कळवल्याशिवाय तिला एक पाऊलही पुढे टाकता येणार नाही. आणि चोरीचं म्हणाल तर त्यांनी 'असावा' लिहिलं आहे, 'आहे' नाही. पहले जाकर देखिए. मग तिनं ते पत्र फाइलला लावलं, आम सूचनेच्या कात्रणाच्या बरोबर खाली.

घरी येऊन मी सांगितलं तर चित्रा उठून उभी राहिली. मी पण येतो, म्हणाली. सत्तावीस पायऱ्या ती बसत बसत उतरली, एकेक. खाली लोकेशनं दुकानातली खुर्ची आणून दिली. रिक्षात बसल्यावर ती एकच बोलली की तिथे जाऊन आवाज चढवाल तर मी तिथेच राहीन. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो, एकाहून एक झोंबणारी.

भार्गवच्या घराचं दार उघडंच होतं. त्याची बायको पद्मजा पुढे आली, चित्राला धरून आत नेलं, पाय ठेवायला पाट दिला. भार्गवचे केस पार पांढरे झाले होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं बस म्हटलं नाही आणि मीही बसलो नाही. खोलीच्या मधोमध, माळ्यावरून काढून, पुसून, ज्येष्ठेची कोठी ठेवली होती. गोणपाटात बांधलेली, सुतळी आवळलेली, आणि वर गाठीवर लाल लाख.

माझी सगळी वाक्यं तिथेच राहिली.

"हे उघडलं काहून नाही?" मी विचारलं.

"तू बांधलं होतं," तो म्हणाला. "आई म्हणे, त्याची गाठ हाय, तोच सोडन. तो आला की कोठ्यांवर मांडू. तोवर मुखवटे तांब्यावर बसवतो. आई होती तवाही, आन नंतरही."

"नऊ वर्षं?"

"तू आला कुठं?"

भार्गवनं कोठी माझ्याकडे फिरवली.

"पेपरात वाचलं आन मले हसू आलं आधी. दादा रजिस्ट्री घेऊन जयस्तंभला! मग डोक्यात आलं, हा कोणाचं तरी नाव लपवून राहिला. कोणाचं, तेही समजलं. मंग बसलो विचार करत. पूजेच्या दिवशी तू कागद कोठीत ठेवतो. बोळवणीच्या दिवशी तू भांडत होता." तो थांबला. "मी उघडून पाहू शकत होतो. पण आत नसता तर? मीच काढला म्हणाला असता तू. असता तरी मीच ठेवला म्हणाला असता. म्हणून तुले बोलावलं. सील पाह्य. तुह्याच कामातली गोष्ट आहे. साबूत आहे का?"

माझ्या टेबलावर हा प्रश्न मी हजारदा विचारला होता. माल पोचला तेव्हा सील साबूत होतं का? होतं म्हणता? मग वाटेत कुणी काढलं नाही. कमी असेल तर भरणाऱ्यानं कमी भरलं. दावा नामंजूर. एवढं लिहायला मला अर्धं मिनिट लागायचं. समोरच्या माणसाचा चेहरा पाहायची गरज पडायची नाही.

मी गुडघ्यावर बसलो. चष्मा लावला. लाख थोडी फिकी झाली होती, पण चीर नव्हती. नाण्याचा ठसा, तीन सिंह, सगळं जागेवर. सुतळीची गाठ माझीच, उजवीकडून दुहेरी.

"साबूत आहे," मी म्हटलं.

मला तिथेच उठून जावंसं वाटलं. आत कागद आहे की नाही, हे आता भार्गवनं नाही, मी सिद्ध करायचं होतं. पद्मजानं सुरी आणून दिली. लाख टणक झाली होती, तुकडे उडाले. झाकण निघालं तसा जुन्या पिठाचा वास आला. गव्हाचा भुगा झाला होता, किड्यांनी आतून खाल्लेला. मी कोपरापर्यंत हात घातला. वर काही नव्हतं. कोठी आडवी करून, उभी करून माळ्यावर चढवताना सगळं हललं असणार. आणखी खोल गेलो तर बोटांना प्लास्टिक लागलं. साडीच्या दुकानाची पिशवी, आईनं रबर लावलेली. आत रजिस्ट्री. कडा पिवळ्या, एका कोपऱ्याला किड्यांची दोन भोकं. अक्षर न अक्षर शाबूत.

तेव्हा कळलं की पाटावर ठेवलेला तो कागद, जो मला स्वच्छ आठवत होता, तो आदल्या वर्षीचा होता. किंवा त्याच्याही आदल्या. दरवर्षी एकच गोष्ट करणाऱ्या माणसाला एखाद्या वर्षी ती केली नाही, हे आठवणार तरी कसं? मी नऊ वर्षं दुसऱ्याच वर्षाच्या आठवणीवर भावाला चोर ठरवलं होतं. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी पिशवी मांडीवर घेऊन जमिनीवरच बसलो, आणि हातांना पीठ लागलेलं असल्यानं डोळेही पुसता येईनात.

"मले वाटलं तू नेला," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"नऊ वर्षं वाटलं."

"तेही माहीत आहे. एकदा विचारायचं न, दादा. मी त्याच दिवशी म्हटलं असतं, कोठीत पाह्य."

चित्रा दारात येऊन उभी होती. ती काही बोलली नाही. या खेपेला तिचं गप्प बसणं माझ्या अंगावर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गंधालीनं सगळं सरळ करून सांगितलं. कागद मिळाल्याची लेखी सूचना ठाण्यात द्यायची. आधीच्या शपथपत्रात काय चूक होतं ते सांगणारं नवं शपथपत्र. त्याच दोन पेपरांत दुसरी सूचना. बँकेला मूळ रजिस्ट्री दाखवायची आणि आधीची कहाणीही सांगायची, लपवायची नाही. प्रमाणित प्रत जोडायची, जुळवून पाहायला. बँकेच्या वकिलानं भुवया उंचावल्या, भोकं मोजली, प्रतीशी पान न पान ताडून पाहिलं. मुदतीत बसेल, म्हणाला. लोकेशनं पेढे आणले. ते मी घेतले नाहीत, अजून ठाण्यात जायचं होतं.

या वेळी मी टायपिस्टकडे गेलो नाही. स्वतःच्या हातानं लिहिलं. भार्गव सोबत होता, मी नको म्हणत असताना आला होता. हवालदार तोच. त्यानं आधीचा अर्ज काढला, नवा वाचला आणि गोंधळला.

"गिरा था जयस्तंभ के रास्ते में, और मिला पुरानी बस्ती में?"

मी म्हटलं, गिरा ही नहीं था. मी खोटं लिहिलं होतं. त्यानं आधी माझ्याकडे, मग भार्गवकडे पाहिलं. साहेबांना विचारून आला. साहेबांनी मला आत बोलावून चांगलं सुनावलं, आणि मी ते ऐकून घेतलं. मग हवालदारानं रोजनामचा उघडला. दस्तऐवज कुणाच्या ताब्यात मिळाला, हे त्याला लिहायचं होतं. त्यानं पेन भार्गवकडे रोखून विचारलं, "इनके कब्जे से?"

भार्गव माझ्याकडे वळला. तो माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

"नाही," मी म्हटलं. "कब्जा माझाच होता. यांच्या घरी फक्त ठेवलेला होता. लिहा, सील साबूत मिळाले. चूक अर्जदाराची."

हवालदारानं लिहिलं. मग साक्षीदाराची सही हवी म्हणाला. भार्गवनं खिसे चाचपले. त्याच्याजवळ पेन नव्हतं. मी माझं दिलं. त्यानं सही केली, टोपण लावलं आणि पेन खिशाला अडकवून बाहेर चालू लागला. मी ते परत मागितलं नाही.